कांटासकाकांचे तीन महिने

एगोनकाकांनी दरवर्षीप्रमाणे नव्या वाईनची बाटली गाडीच्या डिकीत आडवी ठेवून आणली, आणि दरवर्षीप्रमाणे ती सांडली.

नवी वाईन अजून आंबत असते. तिचं झाकण सैल ठेवावं लागतं, नाहीतर बाटली फुटते. आणि झाकण सैल म्हणजे बाटली उभीच ठेवायची, हे आमच्या खोऱ्यात दुधाचे दात पडायच्या आधी कळतं. एगोनकाका चाळीस वर्षं बचत बँकेत होते, त्यांनी हजारो लोकांची कर्जं मार्गी लावली, पण बाटली आडवी ती आडवीच. फाटकापासून जिन्याच्या पहिल्या पायऱ्या चढून तळमजल्याच्या दारापर्यंत थेंबांची रांग आली होती. वरच्या मजल्यावरच्या कांटासकाकांनी कालच, शनिवारी, तो जिना पुसून चकचकीत केला होता, कारण झाडण्याच्या पाळीची लाकडी पाटी या आठवड्यात त्यांच्या दारावर होती.

"झाकण खराब निघालं," एगोनकाका दारातच म्हणाले.

"हो दादा, दरवर्षी खराबच निघतं," ट्राउडेआत्या म्हणाली आणि बाटली त्यांच्या हातून काढून घेतली. "त्या झाकणांच्या कारखान्यावर खटला भर एकदा."

मी टेबलाशी बसले होते. पाहुण्यांच्या स्टुलावर नाही, खुर्चीवर. बाबांच्या.

आजोबांनी मृत्युपत्र न करता डोळे मिटले तेव्हापासून हे घर तिघांचं आहे: एगोनकाका, ट्राउडेआत्या आणि माझे बाबा. प्रत्येकी एक तृतीयांश. तळमजल्यावर आत्या राहते, पहिल्या मजल्यावर सहा वर्षांपासून कांटास कुटुंब भाड्याने आहे, माळ्यावर आजोबांची मधमाश्यांची खोकी आहेत. सप्टेंबरच्या शेवटच्या रविवारी तिघं आत्याच्या स्वयंपाकघरात बसतात, कांद्याचा केक खातात आणि वर्षभरात घरावर काय करायचं ते बहुमताने ठरवतात. मागच्या वर्षी छपरावरून जे झालं त्यानंतर एगोनकाका आत्याशी सात महिने बोलले नव्हते. नाताळची भेट त्यांनी तिला पोस्टाने पाठवली होती. ते दोन गल्ल्या सोडून राहतात.

या वर्षी बाबांची रविवारची ड्यूटी लागली. ते रेल्वेचं इंजिन चालवतात, आणि म्यूनिकची गाडी आमच्या केकसाठी थांबत नाही. म्हणून त्यांनी मला अधिकारपत्र दिलं, स्वतःच्या हाताने लिहिलेलं, खाली सही.

एगोनकाकांनी ते चष्मा लावून वाचलं, मग चष्मा काढून वाचलं.

"ही सोळा वर्षांची आहे."

"स्वतःसाठी सही करायला अठरा लागतात काका," मी म्हणाले. "दुसऱ्याच्या वतीने करायला नाही लागत. मी कायदा बघून आलेय."

त्यांना ते माहीत होतं. म्हणूनच त्यांना जास्त राग आला. तीन वर्षांपूर्वीपर्यंत मी वर्गात हात वर करायचा म्हणजे घामाघूम व्हायचे. मग वादविवादाच्या स्पर्धेत नाव घातलं, पहिल्या फेरीत हरले, दुसऱ्या वर्षी जिंकले, आणि आता मला गप्प बसवणं घरच्यांना जरा जड जातं. मला मात्र फार मजा येते.

"ठीक आहे," काका म्हणाले. "मग इतिवृत्तही तूच लिही. अक्षर नीट काढ."

त्यांनी हिरवी वही माझ्याकडे सरकवली. घरच्या सगळ्या बैठकांचं इतिवृत्त त्या वहीत असतं. आडवी वाईन वगळता.

बाबांनी निघताना मला एकच सूचना दिली होती: "काही अडलं तर एगोन म्हणेल तिकडे मत दे. त्याला पैशातलं कळतं. आणि छपराला पैसा लागणार आहे." मी होकार दिला होता. तेव्हा मला ठाऊक नव्हतं की बैठकीत छपराचा विषय निघणारच नाही.

*

खरा विषय मंगळवारी जिन्यात सुरू झाला होता. मी तिथे नव्हते, पण आत्याने तो प्रसंग मला तीनदा सांगितलाय, दरवेळी स्वतःला थोडं जास्त चांगलं करत.

आत्या गुडघ्याला तेल लावून पायऱ्या चढण्याचा व्यायाम करत होती. पाच वर, पाच खाली. कांटासकाका वरून उतरले, तिसऱ्या पायरीवर थांबले.

"हेफेलेबाई, दोन मिनिटं आहेत?"

"मला काय, संध्याकाळपर्यंत पायऱ्याच आहेत. बोला."

लेफ्टेरिस कांटास आमच्या गावात जन्मले. त्यांचे वडील ग्रीसहून आले होते. पण आमची खोऱ्यातली बोली ते एगोनकाकांपेक्षा चांगली बोलतात, आणि हे एगोनकाकांना अजिबात आवडत नाही.

"माझी नोकरी गेली," ते म्हणाले. "म्हणजे ती तीसला जाईल. जुलैमध्येच ठरलं होतं. कारखाना गिअरचे दाते पाडतो, आणि नव्या विजेच्या गाड्यांना इतके दाते लागत नाहीत."

"आणि हे मला आता सांगता?"

"तेव्हा वाटलं बेकारीचा भत्ता मिळेल, भागेल, तुमच्या डोक्याला कशाला ताप. काल रोजगार कचेरीचं पत्र आलं. बारा आठवडे काहीच मिळणार नाही. म्हणून विचारायला आलो. ऑक्टोबर, नोव्हेंबर, डिसेंबर, तीन महिने भाडं थोडं कमी करता येईल का. अजून एकही भाडं थकलेलं नाही. थकायच्या आधी सांगावं असं वाटलं."

आत्या म्हणते, तिने तिथेच "करू" म्हटलं असतं. पण घर तिच्या एकटीचं नव्हतं. शिवाय सहा वर्षांत हा माणूस पहिल्यांदा काही मागत होता, आणि मागताना त्याने रेलिंग धरलं होतं.

"रविवारी या," ती म्हणाली. "तिघंही असू. कागद घेऊन या, एगोनला कागद लागतात. आणि भूक ठेवून या."

*

कांटासकाका आले ते इस्त्रीचा शर्ट घालून, निळी फाईल घेऊन. मागून त्यांच्या पत्नी देस्पिनाकाकू, बेकरीच्या पहाटेच्या पाळीवरून आलेल्या, केसांत पिठाची एक बारीक रेघ. भाडेकरारावर दोघांच्या सह्या आहेत, म्हणून दोघांनी यायला हवं असं त्यांनीच ठरवलं होतं. एगोनकाकांना ही गोष्ट आवडली, हे त्यांच्या भुवयांवरून मला दिसलं.

आत्याने कोणी काही बोलायच्या आत सगळ्यांना केक वाढला. जाड, पिवळा, वर कांदा आणि खारवलेल्या मांसाचे तुकडे.

"आधी खा," ती म्हणाली. "उपाशी माणसाशी मी व्यवहार करत नाही."

"तू कोणाशीच करत नाहीस," काका म्हणाले. "तू वाटत सुटतेस. बोला कांटासराव."

कांटासकाकांनी फाईल उघडली. कारखान्याशी झालेला करार. कचेरीचं पत्र. आणि देस्पिनाकाकूंच्या अक्षरातला एक कागद: तीन महिन्यांत घरात काय येणार, काय जाणार.

"निव्वळ भाडं नऊशे युरो," ते म्हणाले. "वर गरम पाणी, हीटिंग, कचरा वगैरेचे दोनशे चाळीस. त्या दोनशे चाळीसला मी हात लावत नाही, तो खर्च तुम्हाला बाहेर भरावाच लागतो. नऊशेचे सहाशे करावेत अशी विनंती आहे. तीन महिने."

"आणि तीन महिन्यांनंतर?"

"जानेवारीपासून पुन्हा नऊशे."

"हे तुम्ही म्हणता," काका म्हणाले. "कायदा काय म्हणतो? भाडं एकदा सहाशे झालं की ते सहाशे. परत चढवायचं तर तीन वर्षांत पंधरा-वीस टक्के. सहाशेचे नऊशे व्हायला मी नव्वद वर्षांचा होईन."

मी भराभर लिहीत होते.

"म्हणून भाडं बदललं असं लिहायचंच नाही," कांटासकाका म्हणाले. "भाडेकरूंच्या संघटनेत विचारून आलो. करारातलं भाडं नऊशेच राहतं. फक्त या तीन महिन्यांपुरते, तारखा घालून, दरमहा तीनशे तुम्ही सोडता. एक जानेवारीला वेगळी नोटीस न देता पूर्ण भाडं आपोआप सुरू. पुरवणी करार, सगळ्यांच्या सह्या."

काकांनी केकचा तुकडा तोंडात टाकला. हा मुद्दा त्यांच्या हातातून गेला होता.

"भाड्यासाठी सरकारी मदत असते. अर्ज केला?"

"केला," देस्पिनाकाकू म्हणाल्या. "तिथली बाई म्हणाली, उत्तर यायला नाताळ उलटेल. बसतो की नाही तेही तेव्हाच."

"मग सोडण्यापेक्षा पुढे ढकलू. तीनशे आत्ता देऊ नका, जानेवारीत द्या. करारात लिहिलंय की कारखान्याची भरपाई जानेवारीत मिळणार." त्यांनी कागदावर बोट ठेवलं. "आठ हजार चारशे. कर जाऊन सहा-साडेसहा. हे काय कमी आहे?"

"ढकलायचं म्हणालात तरी आम्ही उपकारच मानू," कांटासकाका म्हणाले. "पण खरं सांगतो. भत्ता बारा महिने मिळणार होता. आता नऊच. ते तीन महिने पुढे गेलेले नाहीत, कापले गेलेत. भरपाई त्याच खड्ड्यात जाणार. ढकललेलं भाडं तिच्यावर पडलं, तर मार्चमध्ये मी पुन्हा याच खुर्चीत बसलेला असेन. आणि दोन भाडी थकली की तुम्ही मला बाहेर काढू शकता. तिथपर्यंत आणायचं नाही."

देस्पिनाकाकूंनी काटा खाली ठेवला. "दुसरा मार्गही सांग त्यांना."

"दुसरा मार्ग," ते म्हणाले. "हाइलब्रॉनला हिच्या भावाचं टायरचं दुकान आहे, वर दोन खोल्या रिकाम्या आहेत. आम्ही घर सोडायचं म्हटलं तरी तीन महिन्यांची नोटीस लागते, म्हणजे तीन भाडी आलीच. ती मुदत तुम्ही माफ केलीत, तर ऑक्टोबरअखेर आम्ही घर रिकामं करतो. रंग लावून देऊ."

वरच्या मजल्यावर त्यांची इलियाना व्हायोलिनचा तोच तोच सूर घासत होती. नऊ वर्षांची आहे. दोन वर्षं मी तिला गणित शिकवते आणि ती मला ग्रीक शिव्या.

एगोनकाकांच्या डोक्यात काय चाललं होतं ते मी त्यांच्या कपाळावर वाचू शकत होते, ते गुळगुळीत आहे. नवा भाडेकरू अकराशे देईल. अकराशे गुणिले बारा. छप्पर. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं, म्हणजे बाबांच्या खुर्चीकडे, आणि मला कळलं की मत आधीच मोजून झालंय.

"मला एक समजत नाही," ते कांटासकाकांना म्हणाले. "कचेरी भत्ता का अडवते? तर तुम्ही आपखुशीने करारावर सही करून नोकरी सोडलीत म्हणून. त्यांनी काढलं असतं तर पहिल्या दिवसापासून मिळाला असता. अशी सही कोणी करतं का, कोणाला न विचारता?"

कांटासकाका केककडे बघत राहिले.

"विचारलं होतं," ते म्हणाले. "एका जाणकाराला."

"मग त्या जाणकाराला काही कळत नाही."

देस्पिनाकाकूंनी तोंड उघडलं. कांटासकाकांनी टेबलाखाली त्यांच्या हातावर हात ठेवला, आणि त्यांनी ते मिटलं. मी खाली पडलेलं पेन उचलत होते, म्हणून मला दिसलं.

"आम्ही वर थांबतो," कांटासकाका उठत म्हणाले. "तुम्ही आपसात बोला. केक उत्तम होता, हेफेलेबाई."

*

आत्या ताटल्या घेऊन सिंककडे गेली आणि मला मानेने बोलावलं. पाणी जोरात सोडलं.

"जुलैत मी या खिडकीत वालाच्या शेंगा सोलत होते," ती पुटपुटली. "दादा कुंपणाची झुडपं कापत होता. कांटास खाली आला, हातात तोच करार. दादाने कात्री खाली ठेवली, चष्मा लावला, आणि काय सांगावं. म्हणे, सही करा, भरपाई मिळतेय ना, आणि ती या वर्षी घेऊ नका, जानेवारीत घ्या, कर वाचेल. अर्धा तास. कुंपण अर्धंच राहिलं. भत्त्याबद्दल अवाक्षर नाही."

"मग तू बोल ना आत्या."

"मी?" तिने ताटली इतकी घासली की तिच्यावरचं फूल गेलं असतं. "छपराच्या वेळी मी बोलले. चारचौघांत, आकडे दाखवून. सात महिने, रिके. मी सदुसष्ट वर्षांची आहे, त्याच्याशिवाय मला 'ट्राउडल' म्हणणारं आता कोणी उरलं नाही. मी मत देईन, पण ते सांगणार नाही."

तिच्या डोळ्यांत साबण गेला होता, असं ती म्हणाली.

मी अंगणात जाऊन बाबांना फोन केला. त्यांची गाडी उल्मला चौदा मिनिटं थांबते. चौदापैकी नऊ मिनिटं मी बोलले.

"जुलैत?" बाबा म्हणाले. "कुंपण अर्धं का राहिलं ते आता कळलं."

"तुम्ही म्हणालात एगोनकाका म्हणतील तिकडे मत दे. ते तर नको म्हणणार."

पलीकडे उद्घोषणा चालू होती.

"मी तुला दिलेली सूचना मागे घेतली, तर उद्या तो मला म्हणेल, पोरीने तुला फिरवलं," ते म्हणाले. "नाही घेतली तर कांटास जातील. आणि एगोन मुळात वाईट नाही, त्याला फक्त चुकीला जागा करता येत नाही. लहानपणी त्याने माझी सायकल फोडली होती. अजून म्हणतो, रस्ता खराब होता."

"मग मी काय करू?"

"कागदावर नाव तुझं आहे. सिग्नल बदलला, रिके. सांभाळ."

मी दोन मिनिटं अर्ध्या कापलेल्या कुंपणापाशी उभी राहिले. वादविवादात शिकवतात की समोरच्याला कोपऱ्यात ढकलायचं. पण आमच्या बाई एकदा म्हणाल्या होत्या, कोपऱ्यातल्या माणसाला आधी खुर्ची द्यावी. तेव्हा मला ते काही कळलं नव्हतं.

*

"मतदान," एगोनकाका म्हणाले. "ट्राउडे?"

"कमी करावं. तीनशे, तीन महिने."

"मी म्हणतो, नोटीसची मुदत माफ करावी आणि त्यांना जाऊ द्यावं. सन्मानाने. रिके?"

"बाबांची सूचना आहे, तुम्ही म्हणाल तिकडे," मी म्हणाले. "म्हणजे काका, दोन्ही मतं तुमचीच. माझं काही नाही."

आत्याने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी वाईनमध्ये पाणी घातलंय. काकांच्या खांद्यांवरून मात्र काहीतरी उतरलं आणि लगेच काहीतरी दुसरं चढलं. एक मत टाकणं वेगळं. सगळंच आपल्यावर असणं वेगळं.

"फक्त इतिवृत्तात एक जागा रिकामी राहिलीय," मी वही त्यांच्याकडे वळवली. "वाचते. 'भाडेकरूने करारावर सही एका जाणकाराच्या सल्ल्याने केली.' नाव विचारलं नाही आपण. लिहायचं की जाणकारच ठेवायचं? तुम्ही सांगाल तसं. तुम्हीच म्हणता, इतिवृत्तात मोघम काही नको."

मी पेन उघडून बसले.

एगोनकाका त्या ओळीकडे बघत राहिले. पुढे कधीतरी, नाताळच्या सुट्टीत, त्यांनी मला सांगितलं की त्या क्षणी त्यांना करार दिसत नव्हता, कात्री दिसत होती. किती छान वाटलं होतं जुलैत. निवृत्तीनंतर चार वर्षं कोणी त्यांना काही विचारलं नव्हतं. बँकेत रोज वीस जण विचारायचे. आणि तो माणूस करार घेऊन आला, त्याने लक्ष देऊन ऐकलं, तीनदा आभार मानले. आज त्याच माणसाने त्यांच्याच टेबलावर, घर जायची वेळ आली तरी, त्यांचं नाव घेतलं नव्हतं.

"सगळ्यांना माहीत आहे?" त्यांनी विचारलं.

आत्याने शेंगदाण्याएवढा केकचा तुकडा बोटाने उचलला. "मला आहे. खिडकी उघडी होती, दादा."

"आणि तू काही बोलली नाहीस."

"सात महिने लक्षात आहेत मला."

काकांनी चष्मा पुसला. बराच वेळ पुसला.

"लिही," ते मला म्हणाले. "एगोन हेफेले यांच्या सल्ल्याने."

मी लिहिलं. अक्षर नीट काढलं.

"आणि पुढे लिही. तीनशे युरो, ऑक्टोबर ते डिसेंबर, एकमताने. एकमताने, ट्राउडल, डोळे पूस. बोलाव त्यांना खाली. आणि ते कचेरीचं पत्र घेऊन या म्हणावं, पूर्ण, मागच्या पानासकट."

*

मागच्या पानावर बारीक अक्षरात लिहिलं होतं की एक महिन्याच्या आत हरकत घेता येते. कोणी ते पान उलटलंच नव्हतं.

"पत्र सोमवारी आलं. अजून तीन आठवडे आहेत," काका म्हणाले. आता त्यांचा आवाज बँकेतला झाला होता. "कांटासराव, सही केली नसतीत तर कारखान्याने काय केलं असतं?"

"काढलंच असतं. तसं बोलून दाखवलं होतं. आमचा पूर्ण विभागच बंद झाला."

"त्याच तारखेला? नोटीसची पूर्ण मुदत देऊन?"

"हो. तीस सप्टेंबर."

"किती वर्षं होतात तिथे?"

"चार."

काकांनी केकच्या कागदावर आकडा मांडला. "पगार बेचाळीसशे. वर्षामागे अर्ध्या महिन्याचा पगार ही मर्यादा, चार वर्षांचे आठ हजार चारशे. बरोबर अर्धा, वर एक सेंट नाही." ते मागे टेकले. "मग तुमच्याकडे सबळ कारण आहे. विभाग बंद होणारच होता, काढणारच होते, भरपाई मर्यादेत आहे. अशा वेळी भत्ता अडवायचा नसतो. मला हे जुलैत ठाऊक हवं होतं. काल रात्री वाचलं."

"काल रात्री?" आत्या म्हणाली. "म्हणजे इथे यायच्या आधीच?"

"तू पत्राचं कळवलंस तेव्हा मला उगीच शंका आली होती," काका म्हणाले आणि कान लाल करून पुढे बोलत राहिले. "कारखान्याकडून एक ओळ हवी: सही केली नसती तरी याच तारखेला काढलं असतं. उद्या जाऊन घ्या. हरकतीचं पत्र मी लिहितो. टाईप रिके करेल."

"मी फुकट नाही करणार," मी म्हणाले.

"केकचा कोपरा मिळेल."

कांटासकाका उभेच होते. त्यांनी फाईल छातीशी धरली होती.

"एक वाक्य घाला पुरवणी करारात," ते म्हणाले. "हरकत मान्य झाली आणि मागचा भत्ता मिळाला, तर सोडलेले नऊशे मी परत करीन. एका महिन्याच्या आत."

"गरज नाही त्याची," आत्या म्हणाली.

"मला आहे, हेफेलेबाई. नाहीतर मी जिन्यात तुमच्याशी मान वर करून बोलू शकणार नाही."

काकांनी त्यांच्याकडे पाहिलं, मग मान डोलावली. "घाल," त्यांनी मला सांगितलं.

मी दोन प्रती केल्या. आत्याने सही केली, काकांनी केली, मी बाबांच्या वतीने केली, खाली 'वतीने' मोठ्या अक्षरात. कांटासकाकांनी केली. देस्पिनाकाकूंनी सही करताना कागदावर पिठाचा ठसा उमटला, त्या पुसायला लागल्या तर काकांनी थांबवलं.

"राहू द्या. कोणीतरी खरं काम करून आलंय त्याची खूण आहे ती."

मग त्या वर गेल्या आणि खाली आल्या त्या ऑलिव्हचं लोणचं आणि इलियाना घेऊन. इलियानाने व्हायोलिन आणलं होतं, आणि आम्ही सगळ्यांनी तोच तोच सूर मोठ्या धीराने ऐकला. सांडून उरलेली वाईन सगळ्यांना दोन दोन घोट आली. आत्याने काकांच्या ताटलीत केकचा जळका कोपरा वाढला, जो त्यांना लहानपणापासून आवडतो आणि जो मागच्या वर्षी तिने मुद्दाम कोंबड्यांना घातला होता.

पाचच्या सुमारास मी काकांचा कोट द्यायला बाहेर आले, तर ते जिन्यात गुडघ्यांवर बसले होते. शेजारी आत्याची बादली. फाटकापासून आत आलेले वाईनचे थेंब चिकट झाले होते आणि ते एकेक पुसत होते. वरून कांटासकाका धावत आले.

"अहो हेफेलेसाहेब, काय करता, या आठवड्याची पाळी माझी आहे."

"पाळी तुमची आहे," काका मान वर न करता म्हणाले. "थेंब माझे आहेत."

"झाकण खराब असेल तर तुम्ही तरी काय करणार."

काकांनी फडकं पिळलं. पाणी गढूळ गुलाबी झालं होतं. ते पुढच्या पायरीवर सरकले, गुडघा कुरकुरला.

"झाकण चांगलं होतं," ते म्हणाले. "मीच आडवी ठेवली."